काचभर फेस

मशीन गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला अडलं. 'उरलेला वेळ १२ मिनिटं' हा आकडा तासभर तसाच. मध्येच ड्रम फिरायला लागे, वेग घेतो न घेतो तोच दम लागल्यासारखा थांबे, पुन्हा पाणी घेई. शेवटी मीच बंद केलं आणि दार उघडलं, तर कपडे निथळत होते. काचेच्या आत वरपर्यंत पांढरं.

आलेल्या मेकॅनिकनं स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी विचारलं, "पावडर किती टाकता?" मी म्हटलं, एक माप. "माप कसलं? सपाट की शिगोशीग?"

तोपर्यंत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

*

स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. पावडरच्या डब्यात येतं ते प्लॅस्टिकचं माप, सुरीनं सपाट करून: ६२ ग्रॅम. आई भरते तसं, वर डोंगर करून: ९१ ग्रॅम. म्हणजे दोघीही 'एक माप' म्हणत होतो आणि आमच्यात निम्म्याचा फरक होता.

शिवाय डब्यावरचं माप बहुधा गच्च भरलेल्या मशीनसाठी असतं. आमचं मशीन सात किलोचं. रोजचं धुणं (मोजलं, कोरडं) पावणेचार किलो.

*

मावशीकडे टॉप लोड आहे, आमच्याकडे फ्रंट लोड. पावडर दोघींकडे एकच होती, कारण दोघींसाठी मीच आणायचे. चूक इथून सुरू झाली.

धुण्याच्या पहिल्या फेरीत मावशीचं मशीन मध्यम पातळीला साधारण ४५ लिटर पाणी घेतं. कपडे त्यात बुडतात, तळाची चकती फिरते, कपडे एकमेकांवर घासले जातात. आमचं फ्रंट लोड त्याच फेरीत जेमतेम १५ लिटर घेतं. काचेतून बघितलं तर पाणी दिसतही नाही, ओले कपडे तेवढे दिसतात. मशीन चालू झाल्यावर 'पाणीच आलं नाही' असं वाटून मी पहिल्या महिन्यात दोनदा नळ तपासून आले होते.

आता ६० ग्रॅम पावडर दोन्हीकडे टाका. मावशीकडे लिटरला सव्वा ग्रॅमच्या आसपास पडते, आमच्याकडे चार ग्रॅम. तिप्पट दाट. पण याचा अर्थ फ्रंट लोडला तिसरा हिस्साच पुरेल असा नाही. मळ दोन्हीकडे सारखाच असतो आणि तो सुटल्यावर पाण्यात धरून ठेवायला पावडर लागतेच. व्यवहारात मी ज्यावर आले ते असं: पावणेचार किलोच्या, घामाच्या पण चिखलाच्या नाहीत अशा कपड्यांना आमच्याकडे ३० ते ३५ ग्रॅम, मावशीकडे ६० ग्रॅम. शाळेचे पांढरे मोजे आणि स्वयंपाकघरातली फडकी असतील तर दोन्हीकडे दहा-पंधरा ग्रॅम वर.

*

पण नुसतं पाणी कमी म्हणून फेस जास्त, एवढंच नाही. ताक घुसळताना रवी पूर्ण बुडालेली असेल तर फेस थोडा येतो. ती वर काढून पृष्ठभागावर फिरवली की भांडंभर येतो. हवा मिसळते म्हणून. फ्रंट लोडचा ड्रम आडवा, आत अर्ध्याहून जास्त हवा. कपडे वर उचलले जातात आणि खालच्या उथळ पाण्यात पडतात, मिनिटाला चाळीस-पन्नास वेळा. घुसळणंच ते. टॉप लोडमध्ये कपडे पाण्याखाली असतात, हवा कमी मिसळते.

म्हणून फ्रंट लोडसाठीच्या पावडरीत फेस मारणारी द्रव्यं घातलेली असतात, बहुधा सिलिकॉनची. कपडे धुण्याशी त्यांचा काही संबंध नाही, ती फक्त बुडबुडे फोडतात. हातानं धुण्याच्या पावडरीचं उलट. बादलीत फेस दिसला नाही तर गिऱ्हाईक परत येत नाही, म्हणून ती मुद्दाम फेसाळ ठेवलेली. तीच स्वस्त पडते म्हणून मी फ्रंट लोडमध्ये ओतत होते.

फ्रंट लोडची पावडर टॉप लोडमध्ये चालते. कपडे नीट निघतात, फेस तेवढा दिसत नाही. आणि दिसत नाही म्हणून मावशी आणखी एक माप टाकते.

*

आईचं म्हणणं: फेस नाही तर धुतलं कशाला?

आईनं चाळीस वर्षं मोरीत धुणं धुतलं. तिथे हे खरं होतं. हातानं धुताना फेस म्हणजे खूण: साबण मळाला पुरून उरला. फेस बसला की साबण संपला, आणखी लावा. मशीनमध्ये ही खूण दिशाभूल करते, कारण फेसाचं प्रमाण पावडरीइतकंच घुसळण्यावर आणि पाण्यावर ठरतं. मळ सोडवतं ते पाण्यात विरघळलेलं डिटर्जंट. बुडबुड्याच्या पातळ पडद्यात जे अडकलं ते कपड्यापर्यंत पोचलेलंच नाही. आणि पाण्यात एका हद्दीपुढे डिटर्जंट कितीही वाढवलं तरी पाण्याचा पृष्ठताण आणखी उतरत नाही. वरची भर मळ धरून ठेवायला थोडी कामी येते, मग तीही नाही.

*

घाटावर धोबी कपडा दगडावर आपटतो. फ्रंट लोड तेच करतं, दगडाऐवजी ड्रमची भिंत. आता दगडावर गादी घाला आणि मग आपटा.

काचभर फेसात नेमकं हे होतं. वर गेलेला शर्ट पडत नाही, फेसात तरंगत घरंगळतो. कॉलरची काळी रेघ तशीच राहते. मग आपण म्हणतो पावडर कमी पडली, आणि पुढच्या वेळी वाढवतो.

*

मेकॅनिकनं खालच्या झाकणामागचा फिल्टर उघडला. पाण्याआधी फेसच आला, मंद, ताटलीत पसरत. त्यानं समजावलं ते माझ्या शब्दांत: पाणी बाहेर टाकणारा पंप पाण्यासाठी बनवलेला आहे. त्याच्या पंख्याला फेस मिळाला की तो हवेतच फिरतो, आवाज येतो, पाणी निघत नाही. दुसरं, पाणी किती आहे हे मशीनला एका बारीक नळीतल्या हवेच्या दाबावरून कळतं. नळीच्या तोंडाशी फेस गेला की अंदाज चुकतो. तिसरं, पिळायच्या वेळी आतला ड्रम आणि बाहेरची टाकी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत फेस भरतो आणि ड्रमला ब्रेक लागल्यासारखा ओढतो. वेग येत नाही. मशीन शहाणं असेल तर ते फेस ओळखून थांबतं, जास्तीचं पाणी घेऊन खळबळतं, पुन्हा पिळून बघतं. म्हणून ती १२ मिनिटं संपत नव्हती.

मग त्यानं दाराच्या रबराची घडी बोटानं उलटी केली. आत करडा, बुळबुळीत थर. न धुतली गेलेली पावडर, कपड्यांची लव, अंगाचं तेल. दार उघडताच येणारा कुबट वास मी आजवर पावसाळ्याच्या नावावर खपवत होते.

सुटा भाग एकही बदलला नाही. तपासणीचे पैसे घेतले आणि म्हणाला, "तीन दिवस पावडर न टाकता धुवा."

*

टॉप लोडमध्ये फेसाचा त्रास वेगळा. पाणी तळातून जातं, फेस वर तरंगत असतो. पाणी उतरत जातं तसा तोही खाली उतरतो आणि अलगद कपड्यांवर बसतो, त्यात धरलेला मळ आणि लव घेऊन. मग पिळताना ते सगळं कपड्यातूनच गाळलं जातं. मावशीच्या काळ्या सलवारींवर पांढरट ओघळ यायचे, ते हे. काही वेळा ते न विरघळलेल्या पावडरीचेही असतात. मगभर कोमट पाण्यात आधी विरघळवून टाकली की तेवढे जातात.

*

पावडर न टाकता धुण्याचा पहिला दिवस. सहा टॉवेल, आधीच धुतलेले, घडी घातलेले. ४० अंश, पावडरचा कप्पा रिकामा.

दहाव्या मिनिटाला काचेच्या तळाशी चार बोटं फेस.

आईला बोलावून दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे हे सगळं आपण अंगाला पुसत होतो." दुसऱ्या दिवशी दोन बोटं, तिसऱ्या दिवशी काचेवर तुरळक बुडबुडे. टॉवेल मऊ झाले आणि पाणी टिपायला लागले. कडकपणाचा सगळा दोष मी उन्हाला देत होते.

मशीन नसलेल्यांसाठी किंवा सेमी-ऑटोमॅटिकवाल्यांसाठी हीच परीक्षा बादलीत होते. धुऊन वाळलेला टॉवेल स्वच्छ पाण्यात दाबून खळबळायचा. पाण्यावर फेस टिकला तर पावडर जास्त पडते आहे, किंवा खळबळणं कमी.

*

फेस खूपच चढला तर: बंद करा, दार ओढू नका. दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या, फेस आपोआप बसतो. मग फक्त 'खळबळणं आणि पिळणं' लावा. फॅब्रिक कंडिशनर चमचाभर टाकला तर फेस झटकन मरतो, कारण त्याचा विद्युतभार डिटर्जंटच्या उलट असतो आणि दोघं एकमेकांना निकामी करतात. याच कारणानं धुताना पावडरीसोबत कंडिशनर टाकायचा नसतो. टाकला तर दोन्हींचे पैसे पाण्यात.

*

आता राहिलं ते कोडं. मी एप्रिलपासून त्याच हातानं तेच माप टाकत होते, मग मशीन जूनच्या शेवटीच का अडलं?

एप्रिल-मेमध्ये आमच्या सोसायटीत टँकर येतात. बोअरचं पाणी, जड. बादलीच्या कडेला पांढरी रेघ धरते. जड पाण्यातला कॅल्शियम डिटर्जंटला धरून ठेवतो, फेस येत नाही, आणि खरंच थोडी पावडर जास्त लागतेही. मी एप्रिलमध्ये माप वाढवलं होतं, रास्तच होतं. जूनमध्ये पाऊस झाला, टँकर बंद झाले, नळाला पुन्हा धरणाचं हलकं पाणी. माप उन्हाळ्यातलंच राहिलं. जी पावडर कॅल्शियम अर्धीमुर्धी गिळत होता, ती सगळी मोकळी झाली.

*

मापावर मार्करनं दोन रेघा ओढल्या. खालची ३० ग्रॅमची, शेजारी 'धरण'. वरची ४५ ची, शेजारी 'टँकर'. धुताना काचेच्या खालच्या तिसऱ्या भागापर्यंत विरळ फेस दिसला तर ठीक; शेवटच्या खळबळण्यात काही दिसता कामा नये.

मार्कर ओल्या हातांनी पुसला जातो. महिन्याभरानं पुन्हा वजनकाटा काढावा लागतो.