यूरियाचे दुकान

चाकणच्या बाजारात आमचे खतांचे दुकान वडिलांपासून चालत आले आहे. यूरियाची गोणी पूर्वी पन्नास किलोची असे, आता पंचेचाळीस किलोची येते. तीत शेकडा ४६ भाग नत्र असते, हे मी शेतकऱ्यांना तोंडपाठ सांगत आलो. अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड प्रचंड दाबाखाली, तापवून एकत्र आणले की यूरिया बनतो, हेही ऐकून ठाऊक होते. परंतु आपल्या प्रत्येकाच्या यकृतात हाच पदार्थ, शरीराच्या साध्या उबेत, रोज वीस ते तीस ग्रॅम तयार होत असतो, हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी समजले. तेही अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकावर बसून.

पर्युषणाचे दिवस होते. आमच्या सूनबाईंनी प्रथमच अठाईचे पचक्खाण घेतले होते. वय एकोणतीस, प्रकृती बरी, पदरी चार वर्षांची मुलगी. घरात सर्वांना आनंद झाला होता. माझ्या पत्नीला मात्र एका गोष्टीचे नेहमी नवल वाटे, की ही मुलगी वरण, पनीर, मटकी यांना हात लावत नाही. भात, भाकरी आणि भाजी यांवरच तिचे भागते. आग्रहाने डाळ वाढली तर संध्याकाळी डोके दुखते म्हणायची. आम्ही त्याला नखरे समजत होतो. आज तो शब्द आठवला की लाज वाटते.

पहिले दोन दिवस केवळ उकळलेल्या पाण्यावर उत्तम गेले. तिसऱ्या दिवशी मळमळ सुरू झाली. चौथ्या दिवशी ती चिडचिड करू लागली, जी तिच्या स्वभावातच नाही. दुपारी तिने स्वतःच्या मुलीला बहिणीच्या नावाने हाक मारली, आणि रात्री चालताना तोल जाऊ लागला. अशक्तपणा असेल, असे म्हणून आम्ही तिला झोपवले. पाचव्या दिवशी सकाळी महासतीजींना विचारून पारणे करवले. मुगाचे पाणी दिले, थोड्या वेळाने दूध, मग शक्ती यावी म्हणून घट्ट मूग. दुपारपर्यंत तिला उलट्या झाल्या, श्वास भराभर चालू लागला आणि ती हाकेला ओ देईनाशी झाली.

रुग्णालयात मेंदूचे चित्र काढले, ते निर्दोष. साखर ठीक, मीठ ठीक, यकृताच्या नेहमीच्या तपासण्याही जवळजवळ ठीक. कोणी म्हणाले मानसिक ताण, कोणी म्हणाले मेंदूज्वर. रात्रपाळीच्या एका तरुण डॉक्टरांनी तेवढी निराळी विचारपूस केली. ही रोज काय खाते, असे त्यांनी माझ्या पत्नीला विचारले आणि डाळीची हकिकत ऐकून घेतली. मग विहीणबाईंकडे वळून म्हणाले, "काकू, तुमच्याकडे लहानपणी कोणी मूल गेले आहे का?"

विहीणबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हिच्या आधीचे माझे दोन मुलगे. एक चौथ्या दिवशी, एक सहाव्या. दोघेही जन्मले तेव्हा चांगले होते. मग दूध पिईनात, झोपूनच राहू लागले."

डॉक्टरांनी तत्काळ रक्त काढवले. दंडाला घट्ट पट्टी न बांधता, आणि नळी बर्फात ठेवून माणसाच्या हाती लगेच प्रयोगशाळेत पाठवली. नळीत पडून राहिलेल्या रक्तात अमोनिया आपोआप वाढतो, म्हणून ही घाई. निरोगी प्रौढाचा आकडा साधारण पन्नासच्या आत असतो. सूनबाईंचा दोनशे ऐंशीच्या वर आला. खात्रीसाठी पुन्हा रक्त घेतले, तरी तेच.

अमोनिया आम्हांला परका नाही. गोदामाच्या पलीकडे बटाट्याचे शीतगृह आहे. तिथे कधी वायू गळला की सबंध गल्ली डोळे चोळत बाहेर पडते. तोच पदार्थ रक्तातून मेंदूत शिरतो तेव्हा तेथील पेशी त्याला ग्लुटामिनच्या रूपात साठवू लागतात, त्यासोबत पाणी ओढले जाते आणि मेंदूला सूज येते. भराभर चालणारा श्वासही अमोनियाचीच खूण होती, असे डॉक्टरांनी मागाहून सांगितले.

पण ज्या बाईने चार दिवस अन्नाचा कणही घेतला नाही, तिच्या अंगात अमोनिया आला कुठून? माझा हाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर माझ्या आजवरच्या समजुतीच्या अगदी उलट निघाले. मला वाटे, उपवासात यकृताला विश्रांती मिळते. वस्तुतः मेंदूला साखर लागतेच. अन्नातून ती मिळाली नाही आणि यकृतातला साठा दिवसभरात संपला, की शरीर स्वतःचे स्नायू मोडून त्यांतील प्रथिनांपासून साखर बनवते. उपवासाच्या पहिल्या काही दिवसांत निरोगी प्रौढाच्या शरीरात अशी रोज सुमारे पंच्याहत्तर ग्रॅम प्रथिने मोडतात. व्यापाऱ्याच्या मापात सांगायचे तर तीनशे ग्रॅम कोरड्या मुगात जेवढी असतात तेवढी. प्रथिनांतले नत्र अमोनियाच्या रूपाने बाहेर पडते, आणि आपले यकृत त्याचा निमूटपणे यूरिया करून मूत्रावाटे धाडते. म्हणूनच आपल्याकडे कित्येकजण अठाई, मासखमण सुखरूप पार पाडतात. पुढे शरीर चरबीवर जगायला शिकते आणि स्नायूंची मोडतोड कमी होते. जिला रोज वाटीभर वरण सोसत नव्हते, तिच्या यकृतावर मात्र आम्ही न वाढलेले तीनशे ग्रॅम मूग रोज येऊन पडत होते. त्यावर पारण्याचे मूग आम्ही स्वतःच्या हातांनी वाढले.

यकृतातील हा उद्योग हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट या दोघांनी १९३२ साली जर्मनीत उलगडला. तो चक्राकार आहे. बाजारातला क्रेट जसा भरून जातो आणि रिकामा होऊन पुन्हा मळ्यात येतो, तसे ऑर्निथिन नावाचे एक द्रव्य त्यात फिरत असते. अमोनियापासून तयार झालेला माल त्या क्रेटमध्ये भरणारा हमाल म्हणजे ऑर्निथिन ट्रान्सकार्बामायलेज हे विकर, ज्याला डॉक्टर मंडळी 'ओटीसी' म्हणतात. भरलेला क्रेट म्हणजे सिट्रुलिन. पुढचे विकर त्यात आणखी नत्र घालते, त्यापुढचे तो जोड फोडून आर्जिनिन मोकळे करते, आणि शेवटी यूरिया वेगळा होऊन क्रेट रिकामा परततो.

यांतला कोणता हमाल गैरहजर आहे, हे माल कुठे तुंबला यावरून ओळखतात. सिट्रुलिन भरमसाट वाढलेले असेल तर दोष पुढच्या विकरात. त्या आजाराला सिट्रुलिनेमिया म्हणतात. सूनबाईंच्या रक्तात ग्लुटामिन वाढलेले आणि सिट्रुलिन फार कमी होते. म्हणजे क्रेट भरलेच जात नव्हते. न भरलेला माल आडवाटेने जाऊन मूत्रात ऑरोटिक आम्ल म्हणून उतरला होता. त्यावरून निदान झाले, आणि काही आठवड्यांनी जनुकाच्या तपासणीने त्यावर शिक्कामोर्तब केले.

उपचार मात्र या तपासण्यांसाठी थांबले नव्हते. प्रथिने पूर्ण बंद केली, पण दीडएक दिवसच. त्याहून अधिक काळ बंद ठेवली तर शरीर पुन्हा स्वतःलाच मोडू लागते. शिरेतून सतत ग्लुकोज दिले, म्हणजे स्नायू मोडण्याचे कारण उरू नये. आर्जिनिन दिले, कारण हे चक्र अडले की शरीराला ते पुरेसे बनवता येत नाही. आणि सोडियम बेंझोएट दिले. हे नाव ऐकून मी चमकलो. सरबताच्या बाटल्यांवर, लोणच्याच्या बरण्यांवर टिकवण्याचे द्रव्य म्हणून जे छापलेले असते, तेच हे. शरीरात ते ग्लायसिनला जाऊन चिकटते आणि दोघे मिळून मूत्रातून निघून जातात. मुख्य दरवाजा बंद असताना नत्राला मागचे दार उघडून द्यावे तसे. (मात्रा वजनावर ठरते आणि जास्त झाली तर तेही विषच, किराण्याच्या फळीवरचे कोणी औषध समजू नये.) आकडा उतरला नाही तर डायलिसिसची तयारी होती. तो उतरला. तिसऱ्या दिवशी सूनबाईंनी मुलीला तिच्याच नावाने हाक मारली.

आता घरी स्वयंपाकघरात लहान काटा आहे आणि प्रथिनांचा हिशेब वहीत लिहिला जातो. शेजारच्या एका सुशिक्षित गृहस्थांनी विचारले, "म्हणजे ते थंड पेयाच्या डब्यावर इशारा असतो, तोच रोग ना?" नव्हे. तो फेनिलकीटोन्युरिया. त्यात फेनिलॲलनिन या अमिनो आम्लाचे टायरोसिन करणारे विकर, फेनिलॲलनिन हायड्रॉक्सिलेज, काम करीत नाही. कृत्रिम गोडीच्या ॲस्पार्टेममधून फेनिलॲलनिन मिळते म्हणून तो इशारा. दोन्हींत डाळ मोजून खावी लागते, एवढेच साम्य. फेनिलकीटोन्युरिया बाळाची बुद्धी महिनोन्महिने, हळूहळू पोखरतो, आणि जन्मानंतर टाचेच्या रक्ताच्या थेंबावरून वेळीच ओळखला तर आहाराने आवरतो. यूरियाचक्राचा तीव्र दोष तपासणीचा कागद हाती येण्याची वाट पाहत नाही. त्या दोन बाळांना चार आणि सहा दिवसच मिळाले होते.

मुलगेच का गेले, तेही समजले. ओटीसीचे जनुक 'एक्स' गुणसूत्रावर असते. मुलाला एकच एक्स, तोही आईकडून. तो सदोष आला तर पर्याय नाही. मुलीला दोन असतात आणि यकृताच्या प्रत्येक पेशीत त्यांपैकी एकच जागा राहतो. कोणत्या पेशीत कोणता, हे नशिबाचे. चांगल्या पेशी अधिक असतील तर बाई आयुष्यभर धडधाकट राहते, जशा विहीणबाई. कमी असतील तर उपवास, बाळंतपण, मोठा ताप, असे निमित्त घडेपर्यंत सारे झाकलेले राहते. सदोष जनुक असलेल्या आईच्या प्रत्येक अपत्याला ते मिळण्याची शक्यता निम्मी असते. आमच्या नातीची तपासणी केली. तिच्यात ते आलेले नाही. सूनबाईंच्या धाकट्या बहिणीत आहे. तिचे लग्न ठरायचे आहे, आणि ही गोष्ट सांगायची की दडवायची यावर दोन्ही घरांत बराच वाद झाला. मी सांगण्याच्या बाजूचा. पुढे बाळंतपण होईल तेव्हा पहिल्या तासापासून अमोनियाकडे लक्ष ठेवणारे डॉक्टर जवळ हवेत, आणि दडवलेल्या गोष्टीसाठी कोणी बर्फ तयार ठेवत नाही.

सूनबाई आता पर्युषणात मौन करतात, स्वाध्याय करतात. निराहार तप त्यांना नाही, असे महासतीजींनीच सांगितले. फ्रिजवर एक कागद चिकटवला आहे: उलटी, ताप किंवा गोंधळलेपण दिसताच ग्लुकोजचे पाणी द्यावे, लगेच रुग्णालय गाठावे, अमोनिया तपासावा, आणि झटके आले तरी व्हॅलप्रोएट हे औषध देऊ नये, कारण त्याने अमोनिया वाढतो.

त्या कागदाची एक प्रत विहीणबाई मागून घेऊन गेल्या. निघताना त्यांनी डॉक्टरांना विचारले होते की, माझे दोघे याच रोगाने गेले का. त्यांच्या रक्ताचा थेंबही आता शिल्लक नाही, त्यामुळे पुराव्याने सांगता येणार नाही, पण बहुधा तसेच, असे डॉक्टर म्हणाले. तीस वर्षे त्या घरात बाळंतिणीच्या दुधाला दोष दिला जात होता. विहीणबाईंनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "हा मी यांना वाचून दाखवणार आहे."