डिस्क ब्रेक चिकटतोय? आधी दाब कुठं अडकलाय ते बघा

आज पिकाचं नाही, मोटारसायकलचं लिहितोय. आपल्यातल्या निम्म्या लोकांची गाडी म्हणजे दुसरा बैलच आहे. दुधाचे कॅन, खताची गोणी, फवारणीचा पंप, सगळं तिच्यावरच.

माझी गाडी २०१४ ची, पुढं डिस्क ब्रेक. पुतण्या रोज पहाटे तिच्यावरून डेअरीला दूध नेतो, वाटेत मोठा उतार आहे. गेल्या महिन्यात म्हणाला, "काका, गाडी ओढत नाही, अन् उतार संपला की पुढचा ब्रेक हातात मऊ लागतो." डिस्कवर पाण्याचे दोन थेंब टाकले तर चर्रकन वाजले. म्हणजे ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासत होते. घासून डिस्क तापते, तिची उष्णता कॅलिपरमधल्या ब्रेक ऑइलला लागते. ऑइल जुनं असलं की त्यात हवेतलं पाणी मुरलेलं असतं, मग ते लवकर उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर दाबली तरी जोर पॅडपर्यंत पोचत नाही. भरलेले कॅन घेऊन उतारावर हे झालं तर काय होईल ते सांगायला नको.

तालुक्याच्या मेकॅनिकनं बघितल्या बघितल्या सांगितलं, पूर्ण कॅलिपर बदला आणि स्टीलच्या जाळीचा ब्रेक पाईप टाका. मी म्हटलं, आधी बघू तर खरं.

गाडी मेन स्टँडला लावली, इंजिनखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक अधांतरी केलं. ब्रेक दाबून सोडला, तर चाक हातानं अर्धा फेराही फिरेना. मग कॅलिपरच्या ब्लीडर निपलला प्लॅस्टिकची नळी लावली, तिचं टोक बाटलीत सोडलं आणि निपल पाव आटा ढिला केला. ही परीक्षा लक्षात ठेवा. निपल ढिला करताच चाक मोकळं झालं, तर दाब वरच अडकलाय. एक तर जुना रबरी पाईप आतून सुजलाय, ऑइल खाली जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, किंवा मास्टर सिलिंडरमधलं परतीचं बारीक भोक बुजलंय. निपल सोडूनही चाक जाम राहिलं, तर दोष कॅलिपरमध्येच. माझं चाक जामच राहिलं.

कॅलिपरमध्ये दोन गोष्टी अडतात. एक, तो ज्या पिनांवर सरकतो त्या पिना. त्या हातानं हलवून बघितल्या, कोरड्या होत्या पण सरकत होत्या. दुसरी म्हणजे पिस्टन. पिस्टनला मागं ओढायला स्प्रिंग नसते. आतल्या खाचेत चौकोनी काठाचं एक रबरी सील असतं. ब्रेक दाबला की पिस्टनबरोबर ते किंचित पिळवटतं, सोडला की सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागं घेतं. तेवढ्यानं चाक मोकळं होतं. सील कडक झालं, किंवा त्याच्या मागं खाचेत घाण साचून ते पिस्टनवर आवळलं गेलं, की हे मागं घेणं बंद.

पाईप सोडायच्या आधीच पिस्टन बाहेर काढायचा. कॅलिपर डिस्कवरून उतरवून पॅड काढले, समोर लाकडाची फळी धरली आणि लिव्हर हळूहळू दाबत गेलो. ऑइलची डबी रिकामी होऊ द्यायची नाही. पिस्टनसमोर बोट कधीच ठेवायचं नाही, आणि कंप्रेसरच्या हवेनं तो उडवायचा नाही, गोळीसारखा सुटतो. खाली ताट ठेवा. ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

बाहेरचं पातळ सील धुळीसाठी असतं, आतलं जाड सील दाबासाठी. दोन्ही बांबूच्या कामटीनं काढली. स्क्रू ड्रायव्हरनं खाच खरवडते आणि मग तिथूनच गळती लागते. जाड सीलच्या मागं पांढरट कडक थर होता, ॲल्युमिनिअमला चढलेला गंज. चिकटण्याचं मूळ हेच. नवीन सील या थरावरच बसवलं तर तेही आवळतं आणि चार महिन्यांत पुन्हा तेच. थर कामटीनं आणि पितळी ब्रशनं अलगद काढला. खाचेला पॉलिश पेपर लावायचा नाही, तिचा आकार बिघडला तर सील नीट पिळवटत नाही.

पिस्टनवर नख फिरवून बघा. नुसता डाग असेल तर पुसून चालतो. जिथं सील घासतं तिथं खड्डा लागला किंवा क्रोम उडालं असेल तर पिस्टन नवाच घ्या. माझा चांगला निघाला.

धुवायला पेट्रोल, डिझेल, रॉकेल नको. हे रबर त्यानं फुगतं. ब्रेक क्लीनर किंवा ताजं ब्रेक ऑइल वापरा. नवी सीलं ताज्या ऑइलमध्ये बुडवून बसवली, पिस्टन अंगठ्यानं सरळ दाबला, तो सहज आत गेला. जोर लावावा लागला तर थांबा, सील पिळलंय. पिनांना सिलिकॉन ग्रीस लावलं, साधं नाही. सील किट तीनशेच्या आत आलं.

आता पाईपाचं. पुतण्याला लिव्हर घट्ट दाबायला लावली आणि रबरी पाईप मुठीत धरला, तर तो फुगताना हाताला कळत होता. वरच्या टोकाला भेगाही होत्या. म्हणजे चिकटण्याचं कारण तो नसला तरी बदलायचाच होता. बदलायचाच आहे, वर ओझं आणि उतार रोजचा, म्हणून जाळीचा घेतला. आतली टेफ्लॉनची नळी आणि वरची स्टीलची जाळी फुगत नाही, त्यामुळं हाताचा जोर ऑइलच्या दाबातच जातो. पण ती जाळी कानशीसारखी घासते, म्हणून वर प्लॅस्टिकचं वेष्टण असलेलाच घ्या. बसवल्यावर हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून आणि चाक खाली लोंबकळत असताना बघा, पाईप कुठं ताणत, पिळत किंवा घासत नाही ना. बोल्टखालचे तांब्याचे वायसर नवे टाका.

शेजाऱ्याची गाडी दोन वर्षांची. त्यानं विचारलं, मी पण टाकू का? त्याला नको म्हटलं. त्याचा रबरी पाईप धड आहे, दीड हजार घालून हाताला फारसा फरक कळणार नाही. चिकटलेल्या पिस्टनवर तर जाळीचा पाईप काहीच करत नाही.

शेवटी डबीच्या झाकणावर लिहिलंय तेच ऑइल सीलबंद बाटलीतून घातलं. लिव्हर दाबून धरायची, निपल उघडून बंद करायचा, मगच लिव्हर सोडायची. बाटलीत बुडबुडे थांबेपर्यंत असंच केलं. लिव्हर कडक झाल्याशिवाय गाडी जागेवरून हलवू नका. आता चाक हातानं ढकललं की अडीच फेरे फिरतं, आणि उतार उतरून आल्यावर डिस्कवर थेंब टाकला तर वाजत नाही.

तुमच्या गाडीचं चाक किती फेरे फिरतं, आज बघा आणि खाली लिहा.