पाणबुडी बोलली तेव्हा

शत्रूचे संदेश पकडणं म्हटलं की आपल्याला सिनेमातला हेडफोनवाला आठवतो, जो ऐकलेलं घाईघाईने लिहून घेतो. प्रत्यक्षात संदेश सांकेतिक असतो आणि बरेचदा त्यातलं एक अक्षरही उलगडत नाही. पण तो कुठून आला हे कळू शकतं, आणि तेवढ्यावर युद्धनौका निघतात.

डिसेंबर 1971. पाकिस्तानची 'हँगोर' ही पाणबुडी मुंबईसमोर टपून होती. पाकिस्तानी बाजूच्या हकिकतीप्रमाणे तिथून काठियावाडकडे सरकायची परवानगी मागण्यासाठी तिला वायरलेसवर बोलावं लागलं. आपल्या नौदलाने ते प्रक्षेपण पकडलं. जागा निघाली दीवच्या नैर्ऋत्येला सुमारे 35 सागरी मैल, म्हणजे 65 किलोमीटर.

जागा काढतात कशी? गच्चीवरचा टीव्हीचा अँटेना फिरवून चित्र कुठे स्वच्छ येतं ते बघायचो ना आपण, तत्त्व साधारण तेच. समजा, मी भिवंडीतल्या गच्चीवरून दिशा मोजली आणि मित्राने अलिबागहून. नकाशावर दोन्ही रेघा जिथे छेदतात, तिथे बोलणारा. पण मोजण्यात 2 अंशांची चूक झाली, तर 300 किलोमीटरवर रेघ 10 किलोमीटर सरकते. त्यामुळे हाती ठिपका येत नाही, एक पट्टा येतो. आणि दोन्ही ठिकाणं जवळजवळ असली की रेघा अगदी तिरप्या छेदतात, मग तो पट्टा आणखी लांबतो.

पण मला वाटतं, खरी अडचण वेळेची आहे. ती जागा बोलतानाची असते. पाणबुडी ताशी 7 किलोमीटर या रमतगमत वेगाने गेली, तरी 24 तासांत ती 168 किलोमीटरच्या वर्तुळात कुठेही असू शकते. क्षेत्रफळ काढून बघा : जवळपास 89 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून जास्त! विमानातून शोधावं, तर ती पाण्याखाली असताना दिसणार काय?

'खुकरी' आणि 'किरपाण' 8 डिसेंबरला मुंबईहून शोधायला निघाल्या. पाण्यातला आवाज टिपणारं सोनार हँगोरकडे बरंच लांबचं ऐकणारं होतं. आपल्या सोनारचा पल्ला वाढवण्याचा प्रयोग खुकरीवर चालू होता आणि त्यासाठी तिने वेग कमी ठेवला होता. शिकारी कोण नि सावज कोण, हे तिथे उलटं झालं. 9 तारखेच्या रात्री हँगोरने किरपाणवर सोडलेला पहिला टॉर्पेडो फुटला नाही. दुसरा खुकरीला लागला. जहाज काही मिनिटांत बुडालं. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले.

आता ती नेमकी कुठे आहे हे माहीत झालं होतं. पुढचे काही दिवस जहाजं आणि विमानं तिला शोधत राहिली. हँगोर मात्र कराचीला परतली.