कांदाचाळ आणि जोखमीचं पान

३ मार्च
बँकेतून प्रकल्प अहवाल परत आला. बाकी सगळं मान्य, फक्त जोखमीच्या पानावर पेन्सिलीची फुली. मी लिहिलं होतं, ‘हवामान, बाजारभाव व शासकीय धोरण यांचा धोका आहे, योग्य ती काळजी घेतली जाईल.’ साहेब म्हणाले, “हे पान कुक्कुटपालनाच्या अहवालालाही चालेल.” राग आला, पण खरं होतं.

५ मार्च
नव्याने तक्ता आखला. रकाने असे: काय होईल, कशामुळे, किती रुपयांचं, आधी काय दिसेल, कोण काय करणार, त्याला खर्च किती.

पहिली ओळ सडीची. २५ टनांची चाळ म्हणजे २५० क्विंटल. भरताना भाव १,४०० धरला, तर माल साडेतीन लाखांचा. हमाली-व्याज २० हजार. ऑक्टोबरपर्यंत घट आणि सड मिळून ३० टक्के गेले, तर उरतात १७५ क्विंटल. म्हणजे २,११४ च्या खाली विकलं की तोटा. सावलीत दहा-बारा दिवस सुकवून, जाड मानेचा आणि मार लागलेला कांदा आधीच बाजूला काढला, तर सहा हजार मजुरी वाढेल. पण नुकसान २० टक्क्यांवर आलं, तर तीच रेषा १,८८० वर येते. ‘योग्य ती काळजी’ची किंमत पहिल्यांदाच आकड्यात दिसली.

आधी काय दिसेल? आबा म्हणाले, “दिसत नाही, वास येतो. नंतर खाली काळं पाणी.” तसंच लिहिलं.

८ मार्च
निर्यातबंदीपुढे मी ‘शक्यता मध्यम’ लिहिलं होतं. कशावरून? सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२०, डिसेंबर २०२३: पाच वर्षांत तीनदा बंदी, शिवाय ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क. बहुतेक वेळा नेमकं चाळीतला कांदा बाहेर निघतो त्याच महिन्यांत. ‘जास्त’ केलं.

बंदी आपण थांबवू शकत नाही. त्या दिवशी चाळीत किती माल असेल, एवढंच हातात. म्हणून जुलैअखेर ८० क्विंटल आणि ऑगस्टअखेर आणखी काही विकून सप्टेंबरला ८० च्या वर ठेवायचा नाही. आमचे संचालक खवळले: “दिवाळीत भाव चढला तर?” चढला तर तेवढं गेलं. तेही खर्चाच्या रकान्यात लिहिलं. नाहीतर भाव पहिल्यांदा चढताच हा नियम मोडणार, हे मला ठाऊक आहे.

१० मार्च
जबाबदारीच्या रकान्यात ‘संचालक मंडळ’ होतं, ते खोडून आबांचं नाव घातलं: दर आठवड्याला चाळीची पाहणी, वास आला की ४८ तासांत तो कप्पा रिकामा.

सही करताना आबा थबकले. “अन् मी वारीला गेलो तर?”

आषाढ. पावसाचे, दमट हवेचे तेच दिवस. आणखी एक रकाना आखला: बदली माणूस.