पर्मनंट

आमच्या आत्याच्या लेखी जगात माणसांच्या दोनच जाती आहेत : पर्मनंट झालेले आणि न झालेले. दर दिवाळीत चकलीची बशी पुढे करताना ती हमखास विचारते, “काय रे, यंदा तरी झालास का पर्मनंट?” पूर्वी मला या प्रश्नाचा राग येई. आता येत नाही. का येत नाही, हे सांगायचे तर थोडे मागे जायला हवे.

२०१३ साली मला संशोधनासाठी कनिष्ठ शिष्यवृत्ती मिळाली. विषय इतिहासाचा; एका परगण्याच्या मोडी दप्तरावर प्रबंध लिहायचा होता. महिना १६,००० रुपये, आणि पुढल्या वर्षाच्या अखेरीस त्याचे २५,००० झाले. (२०२३ पासून तोच आकडा ३७,००० आहे.) आत्याने आळीत पेढे वाटले. शिष्यवृत्ती दिसते पगारासारखी, पण ती पगार नव्हे, हे मला पहिल्या दिवाळीतच कळले. आपण हजर आहोत अशी नोंद संस्थेने दरमहा पाठवली, तरच पैसा हलतो. दोन महिने खाते कोरडे राहिले तेव्हा मी दिल्लीला पत्रांवर पत्रे लिहिली. नोंद मात्र आमच्याच कचेरीत एका टेबलावर पडून होती. दोन वर्षांनी समिती काम पाहते आणि मग वरिष्ठ दर लागू होतो. माझी समिती बसली उशिरा. तोवर जुनाच दर. फरक पुढे मिळाला खरा, पण घरमालक काही फरकावर भाडे घेत नाही.

शिष्यवृत्तीची मुदत पाच वर्षांची. माझ्या प्रबंधाला सहा लागली. याचे कारण साधे होते. पहिले सबंध वर्ष नुसती मोडी वाचायला शिकण्यात गेले. मोडी लिहिणारा आधी पानभर रेघ ओढतो आणि मग त्या रेघेला अक्षरे टांगत जातो. शब्द कुठे संपला, वाक्य कुठे तुटले, याचा पत्ता नाही. ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाही. सहावे वर्ष मी बायकोच्या पगारावर काढले आणि त्या पहिल्या वर्षाला मनात शिव्या दिल्या.

पदवी मिळाली आणि मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर लागलो. तासाला ५०० रुपये आणि आठवड्याला नऊ तास. म्हणजे भरल्या महिन्याचे १८,०००. विद्यार्थी असताना शेवटी २८,००० मिळत होते! सुटीचे पैसे नाहीत, आणि जे मिळायचे ते वर्षअखेरीस. कायम जागेच्या मुलाखती निघत, मी कोट इस्त्री करून जाई, आणि कोट तेवढा परत येई. दोन वर्षांनी मी मुलाखती सोडल्या.

मग एका वकिलांनी जुन्या जमिनीचा कागद वाचायला दिला. त्यांच्यामागून दुसरे आले. २०२३ च्या शरदात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मोल आले. पानाप्रमाणे पैसे, शाई उडालेली असेल तर भाव थोडा अधिक. ती लाट ओसरते, हेही खरे. एखादा महिना असा जातो, की एकही कागद येत नाही.

परवा एक शेतकरी आजोबांच्या जन्माची नोंद घेऊन आले. जातीच्या रकान्यात एकच अक्षर : ‘कु’. “कुणबीच ना, साहेब?” ते म्हणाले. मुलीच्या प्रवेशाची तारीख जवळ आली होती. पण ‘कु’ म्हणजे कुंभारही असू शकतो. मी त्यांना त्याच वहीची मागची-पुढची पाने आणायला लावली. त्याच कारकुनाचे त्याच हाताचे लिहिणे सापडले : कुंभार त्याने दोन ठिकाणी पुरता लिहिला होता, आणि ‘कुणबी’ एकदा पुरते लिहून पुढे नुसता ‘कु’ केला होता. तरीही लिप्यंतरात मी ‘कु’ एवढेच लिहिले. बाकीचे खाली वेगळ्या टिपेत, पानांच्या आकड्यांसह. जे आहे ते आधी लिहावे आणि आपले मत निराळे ठेवावे, हे माझ्या मार्गदर्शक बाईंनी लाल शाईने सहा वर्षे शिकवले होते. शेतकऱ्याला ते रुचले नाही. “एक शब्द लिहायला काय जातं?” म्हणून ते बराच वेळ बसून राहिले. पण तो शब्द मी लिहिला असता, तर उद्या तपासणीत पहिला प्रश्न त्याच शब्दाला आला असता, आणि टीपही बुडाली असती.

ते गेल्यावर मनात आले, प्राध्यापक होऊन मी वेगळे काय केले असते? वर्गात शिकवायला मिळाले असते. त्याची हुरहुर आहे, ती लपवत नाही. निवृत्तिवेतनही नाही. पण संशोधनाची चाकरी मात्र सुटलेली नाही. आता कुणी पोर सल्ला विचारायला आले, तर मी त्याला प्रबंधाचे नाव विचारत नाही. तिसऱ्या वर्षी विचारतो, “या कामातले असे काय तुझ्या हाताला आले आहे, की ज्याचे कुणी पानाप्रमाणे पैसे देईल?” आणि सहाव्या वर्षाची सोय पहिल्या वर्षापासून बाजूला टाकायला सांगतो.

यंदा आत्याने विचारलेच. मी म्हटले, “नाही गं.” ती क्षणभर थांबली, आणि तिने फडताळातून एक जुना, घडीवर फाटलेला कागद काढला. “तुझ्या आजोबांचा आहे. हे वाचता येतं का बघ.”

चकली तशीच राहिली.