पगारातली गाडी

मागच्या रविवारी मावसभावाचा फोन आला. तो वर्षापूर्वी मेलबर्नला आलाय, मुलगी पाळणाघरात जाते. "दादा, ऑफिसात सगळे म्हणतायत नोव्हेटेड लीजवर इलेक्ट्रिक गाडी घे, टॅक्स वाचतो. घेऊ का?" म्हटलं, घे, पण आधी माझी गोष्ट ऐक. त्याला सांगितलं तेच इथे लिहून ठेवतोय.

मी गाडी घेतली मार्च 2024 मध्ये. या लीजमध्ये तीन पक्ष असतात: आपण, लीज कंपनी आणि आपली नोकरी. गाडीचा हप्ता, विमा, रजिस्ट्रेशन, चार्जिंग, टायर या सगळ्याची एक रक्कम ठरते आणि कंपनी ती कर कापण्याआधीच पगारातून वळती करते. माझी रक्कम पंधरवड्याला 600 डॉलर, म्हणजे वर्षाला 15,600.

माझा पगार 1,10,000. तो कागदावर 94,400 झाला. माझ्या कमाईच्या या टप्प्यावर 30 टक्के आयकर आणि 2 टक्के मेडिकेअर लेव्ही लागते, म्हणजे 600 डॉलर करातून सुटले की 192 डॉलर वाचतात. हातात येणारा पगार म्हणून 600 ने नव्हे, 408 डॉलरनेच कमी झाला. वर्षाला करपात्र पगार 15,600 ने खाली आणि हातातला 10,608 ने खाली, मधले 4,992 वाचले. पहिली पे-स्लिप पाहून मी बायकोला उगाचच दोनदा दाखवली.

एरवी नोकरीतून अशी गाडी मिळाली की कंपनीला फ्रिंज बेनिफिट्स टॅक्स भरावा लागतो, आणि तो शेवटी आपल्याच माथी येतो. पण 1 जुलै 2022 पासून ठरावीक किमतीखालच्या इलेक्ट्रिक गाड्यांना त्यातून सूट मिळाली. माझी गाडी त्यात बसली. मी समजलो, विषय संपला.

पाळणाघराचं सरकारी अनुदान कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरतं आणि त्याचा अंदाज आपणच कळवायचा असतो. मी मोठ्या हुशारीने माझा आकडा 1,10,000 चा 94,400 केला. उत्पन्न दर 5,000 डॉलरने वाढलं की अनुदान 1 टक्क्याने घटतं, तेव्हा 15,600 ने उत्पन्न कमी दाखवल्यावर ते तीनेक टक्के वाढलं. मजा वाटली.

पण गाडीवरचा कर माफ असला तरी तिची नोंद माफ नसते! वर्षअखेरीस कंपनी "रिपोर्टेबल फ्रिंज बेनिफिट्स" म्हणून एक आकडा कळवते. त्याचा लीजच्या हप्त्याशी संबंध नाही, गाडीच्या किमतीशी आहे. माझी गाडी 50,000 ची. तिचे 20 टक्के, म्हणजे 10,000. मग असा हिशेब की सर्वांत वरच्या 47 टक्के दराने कर भरून 10,000 हातात यायला किती पगार लागला असता? 10,000 भागिले 0.53, म्हणजे 18,868.

यावर आयकर लागत नाही. पण पाळणाघराच्या अनुदानासाठी तो उत्पन्नात मिळवतात. म्हणजे 94,400 अधिक 18,868, एकूण 1,13,268. गाडी घेण्याआधीपेक्षाही जास्त! करखात्यासाठी मी गरीब झालो होतो आणि पाळणाघरासाठी थोडा श्रीमंत.

2024-25 चं रिटर्न भरल्यावर मेळ बसला. मी कळवलेल्या अंदाजात 18,868 कमी, म्हणजे पावणेचार टक्के अनुदान जादा घेतलेलं. आमची फी आठवड्याला 560, म्हणजे आठवड्याला एकवीसेक डॉलर. अनुदानातले 5 टक्के सरकार वर्षभर राखून ठेवतं, ते दरवेळी आम्हाला परत मिळायचे. त्या हजारभर डॉलरांवर बायकोने पुण्याच्या तिकिटाचा हिशेब मांडला होता. यंदा जवळजवळ काहीच आलं नाही. ती बोलली काही नाही, पण तो कागद फ्रिजवरून काढून टाकला. असो.

खरं तर लीजने नुकसान झालं नाही. आधीपेक्षा उत्पन्न 3,268 नेच जास्त धरलं गेलं, म्हणजे अनुदानात खरी घट वर्षाला दोनशेच्याही आत. समोर कराची बचत जवळजवळ पाच हजार. चूक माझ्या चुकीच्या अंदाजाची होती.

भावाला म्हटलं, "करपात्र पगार बघ, हातातला बघ, पण पाळणाघरासाठी तिसराच आकडा कळव. स्टुडंट लोनचा हप्ताही त्याच तिसऱ्या आकड्यावर ठरतो." तो म्हणाला, "दादा, लोन आहे माझं." मग आम्ही दोघं पुन्हा वही घेऊन बसलो.