पू.पा. म्हणजे काय?

आमच्या भंडारा जिल्ह्यात तलावालाही लघुरूप आहे. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि कागदोपत्री ते 'माजी मालगुजारी तलाव' झाले. कचेरीने त्याचं 'मा.मा. तलाव' केलं, लोकांनी टिंबं पुसून 'मामा तलाव'. हे इतकं अंगवळणी पडलं आहे, की करारनामे लिहिताना लघुरूपाचा अर्थ सांगावा लागतो हे मला बरीच वर्षं सुचलंच नाही. मी तहसील कार्यालयाबाहेर बसून दस्त लिहितो. दिवसभर ग्रा.पं., जि.प., का.अ., ल.पा. हेच हाताखालून जातं. माझं चुकलं ते याच सवयीने.

काम साधं होतं. लाखांदूर तालुक्यातल्या एका पाणी वापर संस्थेला मामा तलावाची पाळ दुरुस्त करून घ्यायची होती. आतल्या बाजूने दगडी पिचिंग, पाळीच्या माथ्यावर मुरूम, शिवाय गेटची दुरुस्ती. ठेकेदार ठरला, दर ठरले, पैसे प्रत्यक्ष मोजमापानुसार द्यायचे ठरलं. मी सात पानांचा करारनामा लिहिला.

अट 4 मध्ये मी लिहिलं: 'पू.पा. पर्यंत दगडी पिचिंग करणे.' इथे पू.पा. म्हणजे पूर्ण पातळी, तलाव भरल्यावर सांडव्यावरून पाणी जायला लागतं ती. अट 7 मध्ये लिहिलं: 'पू.पा. वर 30 सें.मी. मुरूम टाकून दबाई करणे.' इथे मात्र माझ्या डोक्यात पूर्व पाळ होती. पाळ तीन बाजूंनी आहे, पण खचली होती ती पूर्वेकडचीच, आणि बैठकीत सगळे तिच्याचबद्दल बोलले होते. लिहिताना मला दोन्हीकडे अर्थ स्वच्छ दिसत होता. लिहिणाऱ्याला तो नेहमीच दिसतो, म्हणून स्वतःचा कागद स्वतः तपासण्याचा फारसा उपयोग नसतो.

ठेकेदाराने अट 7 वाचली ती अशी: पूर्ण पातळीच्या वर जी पाळ आहे, त्या सगळ्या पाळीवर मुरूम. आणि तसा टाकलाही. पूर्वेकडची पाळ 180 मीटर, तिन्ही बाजू मिळून 420. माथ्याची रुंदी 3 मीटर. म्हणजे संस्थेच्या हिशेबाने 162 घनमीटर मुरूम, त्याच्या हिशेबाने 378. फरक 216 घनमीटरचा, 350 रुपये दराने 75,600 रुपयांचा. करारात मुरमाचं एकूण परिमाण दिलं असतं तर वाद तिथेच मिटला असता, पण 'मोजमापानुसार देय' एवढंच लिहून आम्ही मोकळे झालो होतो.

बैठकीत त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. 'भाऊ, चार नंबरात पू.पा. म्हणजे पातळी. मग सात नंबरात ते पाळ कसं होते जी? कागदावर तं एकच लिहून आहे ना.'

त्याचं म्हणणं बिनतोड होतं. एका करारात एक शब्द आला, की तो शेवटपर्यंत एकाच अर्थाने वाचायचा, असंच कोणीही धरून चालतो. न्यायालयही सहसा तिथूनच सुरुवात करतं. त्यात 'वर' या शब्दाने त्याला साथच दिली. पाळीवर आणि पातळीच्या वर, दोन्ही मराठीत चालतं. वरताण म्हणजे करारासोबतच्या नकाशात अभियंत्याने तीच पातळी एफ.टी.एल. म्हणून दाखवली होती आणि दरपत्रकात ती पू.त.पा. झाली होती. एका पातळीला तीन नावं आणि एका नावाला दोन अर्थ, असा तो कागद झाला होता.

संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, कोर्टात जाऊ. मी साकोलीच्या एका वकिलांना विचारलं. 2024 पर्यंत लागू असलेल्या 1872 च्या पुरावा कायद्यातलं कलम 98 नेमकं यावरच होतं: कागदातल्या लघुरूपांचा अर्थ दाखवायला पुरावा देता येतो. त्या कलमाला जोडलेलं उदाहरण मला फार आवडलं. एक शिल्पकार आपले सगळे 'मॉड्स' विकायचं कबूल करतो. त्याच्याकडे मॉडेल्सही असतात आणि मॉडेलिंगची हत्यारंही. त्याला काय विकायचं होतं, ते पुराव्याने दाखवता येईल. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या शिल्पकाराला बघून मला जरा बरं वाटलं. तेवढ्यात वकिलांनी पुढचं सांगितलं. पुरावा देता येतो म्हणजे बैठकीला हजर असलेले लोक साक्षीला उभे करायचे, आणि तरीही संदिग्धता उरलीच तर ती सहसा ज्याने कागद तयार केला त्याच्या विरुद्ध वाचली जाते. इथे कागद संस्थेने तयार करवला होता. शेवटी वादातली निम्मी रक्कम, 37,800 रुपये, देऊन संस्थेने तडजोड केली.

मग मी उत्साहाने जुने नमुने दुरुस्त करायला बसलो, आणि नवा घोळ घातला. लघुरूपं काढून पूर्ण शब्द टाकायचे म्हणून संगणकावर 'मा.' च्या जागी सगळीकडे 'माननीय' करून टाकलं. छापून हातात आलं ते 'माननीयमाननीय तलाव'. शिवाय शोध घेताना संगणकाला 'पू.पा.', मध्ये जागा सोडलेलं 'पू. पा.' आणि ऱ्हस्व उकाराचं 'पु.पा.' ही तीन वेगळी असतात. एक सापडलं की आपण निश्चिंत होतो, बाकीची दोन तशीच राहतात.

आता मी असं करतो. पहिल्यांदा उल्लेख येतो तिथे पूर्ण वर्णन लिहायचं आणि तिथेच छोटं नाव ठरवायचं: 'तलाव भरल्यावर सांडव्याच्या ज्या माथ्यावरून पाणी वाहू लागते ती पातळी, नकाशात एफ.टी.एल. म्हणून दर्शवलेली (यापुढे "पूर्ण पातळी")'. पाळीसाठी: 'गेटपासून पूर्वेकडील 180 मीटर लांबीची पाळ (यापुढे "पूर्व पाळ")'. दोन्ही नावं वाचता येणारे शब्द आहेत. टिंबांची अक्षरं वापरून कागदाची अर्धी ओळही वाचत नाही. वर्णन जागेवर बोट ठेवून दाखवता येईल असं हवं, नाहीतर एका शब्दाऐवजी दुसरा शब्द ठेवल्यासारखं होतं. एखादी गोष्ट करारात एकदाच येणार असेल तर तिला छोटं नाव देतच नाही.

तपासणी कागदावरच, आणि शेवटाकडून. आधी नकाशा, मग दरपत्रक, मग अटी मागून पुढे. प्रत्येक लघुरूपाभोवती लाल गोल काढायचा आणि त्याचा अर्थ कोणत्या पानावर दिला आहे, तो आकडा शेजारी लिहायचा. उलटं वाचल्याने वाक्याच्या ओघात अर्थ आपोआप भरला जात नाही. ज्या गोलाशेजारी आकडा लिहिता येत नाही, तो शब्द बदलायचा.

याच पद्धतीने त्या जुन्या करारातली दुसरी चूक मला फार उशिरा दिसली. गेटच्या कामासाठी पाणी उतरवायला 'संस्थेची लेखी संमती' लागेल, असं मी लिहिलं होतं. पण त्याच करारात तलावात मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थेचाही उल्लेख होता, आणि दोन्हींनाही मी पुढे नुसतं 'संस्था' म्हटलं होतं. ठेकेदाराने पाणी वापर संस्थेकडून सही घेऊन गेट उघडलं, तेव्हा तलावात नुकतंच मत्स्यबीज सोडलेलं होतं. त्या नुकसानीबद्दल मच्छीमारांनी तक्रार केली नाही. करारावर त्यांची सहीच नसल्यामुळे आपला त्यात काही हक्क आहे, असं त्यांना वाटलंच नव्हतं.